स्त्रीबीज काढण्याच्या उपचारासाठी रजेचा अर्ज : तारखा हातात नसताना तो कसा लिहायचा

टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेणाऱ्या नोकरदार बाईला पहिली अडचण कागदावरच येते. रजेच्या अर्जात 'दिनांक ____ पासून ____ पर्यंत' अशी जागा असते आणि तिथे काय लिहायचं हे तिला ठाऊक नसतं. डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही. पाळी कधी येते आणि इंजेक्शनांना शरीर कसं साथ देतं, त्यावर सगळ्या तारखा ठरतात.

मी आस्थापनेच्या टेबलावर काम करते. असे अर्ज माझ्या हातून जातात, ओळखीच्या बायकाही लिहून मागतात. त्यातले अडकणारे अर्ज बहुतेक दोन कारणांनी अडकतात. एक तर बाई अंदाजाने एकच पक्की तारीख टाकते आणि ती हुकते. नाहीतर 'मामेबहिणीचं लग्न' असं काहीतरी लिहिते आणि मग दवाखान्याचा दाखला त्या कारणाशी जुळत नाही. दोन्ही टाळता येतं. पुढे एकच उदाहरण धरून चालू या: आर्णी तालुक्यातल्या गावात राहणारी, आर्णीच्या पतसंस्थेत लिपिक असलेली बाई, आणि उपचार नागपूरला. एसटीने जायला चार-साडेचार तास, मधे यवतमाळ.

आधी दिवस मांडून घ्या

अर्जाला हात लावण्याआधी डॉक्टरांकडून दिवसांचा कच्चा हिशेब घ्या. साधारण क्रम असा असतो. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि इंजेक्शनं सुरू होतात. ती रोज, ठरलेल्या वेळी, बहुतेकींना आठ ते बारा दिवस घ्यावी लागतात. एरवी महिन्याला एकच बीज पिकतं. या इंजेक्शनांनी एकाच वेळी अनेक बीजं वाढवली जातात. ती किती वाढली हे पाहायला मधे तीन-चार वेळा सोनोग्राफी करतात, कधी रक्तही तपासतात. त्या तपासणीवरून डोस कमी-जास्त होतो आणि पुढच्या तपासणीची तारीखही तेव्हाच कळते.

बीजं पुरेशी वाढली की शेवटचं इंजेक्शन देतात. दवाखान्यात सगळे त्याला ट्रिगर म्हणतात. त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. हे तास फार महत्त्वाचे आहेत. लवकर काढलं तर बीजं पूर्ण पिकलेली नसतात, उशीर झाला तर ती सुटून जातात. म्हणजे सगळ्या उपचारात बाकीचे दिवस थोडे सरकू शकतात, पण एकदा ट्रिगर घेतलं की बीज काढण्याचा दिवस सरकत नाही. अर्जात ही गोष्ट साहेबांना कळली पाहिजे, कारण 'त्या दिवशी ऑडिट आहे, परवा जा' असं इथे चालत नाही.

बीज काढताना पोट कापत नाहीत, टाके नसतात. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, योनीमार्गातून सुईने बीजं घेतात. प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाच्या आत आटोपतं आणि काही तासांनी घरी सोडतात. पण भूल दिलेली असते, म्हणून त्यानंतर २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. पतसंस्थेत कॅश सांभाळणाऱ्या बाईने हे लक्षात ठेवावं: दुसऱ्या दिवशी 'बरं वाटतंय' म्हणून काउंटरला बसणं तिच्याही अंगावर येऊ शकतं आणि संस्थेच्याही. पोट जड वाटणं, दुखणं, थोडा रक्तस्राव हे एक-दोन दिवस राहतं.

आता आपल्या उदाहरणातला हिशेब. पाळी ७ जुलैच्या आसपास अपेक्षित आहे असं धरा.

८ जुलै : नागपूरला तपासणी, इंजेक्शन सुरू. पूर्ण दिवस.
१३ आणि १५ जुलै : सोनोग्राफी. डॉक्टर यवतमाळचा रिपोर्ट मान्य करत असतील तर सकाळी तिथे करून दुपारी कामावर. अर्धा-अर्धा दिवस.
१७ जुलै : नागपूर. पूर्ण दिवस.
१८ जुलै, रात्री १० : ट्रिगर. दिवसा कामावर.
१९ जुलै : नागपूरला मुक्कामी जाणे.
२० जुलै, सकाळी ९ : बीज काढणे. ट्रिगरनंतर ३५ तास.
२१ आणि २२ जुलै : विश्रांती आणि परतीचा प्रवास.

बेरीज सात दिवस. आदल्या दिवशी मुक्कामाला जाणं मी मुद्दाम धरलं आहे. जुलैत नाल्याला पूर आला की गावाचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि सकाळी नऊला, तेही रिकाम्या पोटी, दवाखान्यात हजर असायचं असतं. पहाटेच्या गाडीच्या भरवशावर हा दिवस टाकू नका.

यवतमाळला सोनोग्राफी करण्याचं डॉक्टरांना आधीच विचारा. काही जण मान्य करतात, काहींना स्वतःच्याच मशीनवर बघायचं असतं. मान्य केलं तर दोन अर्धे दिवस, म्हणजे एक पूर्ण दिवस वाचतो, आणि रजेच्या खात्यात एक दिवस म्हणजे थोडा नाही.

रजा कोणत्या खात्यातून मागायची

इथे एक चूक हमखास दिसते: 'प्रसूती रजा' असं लिहिणं. मातृत्व रजा गर्भधारणेनंतरची, बाळंतपणाची असते. इंजेक्शनं आणि बीज काढणं हे त्याच्या आधीचं, त्यामुळे त्या नावाने अर्ज केला की लिपिक तो परत करतो आणि कारण चार लोकांत चर्चेला येतं ते वेगळंच.

तपासणीच्या सुट्या दिवसांसाठी किरकोळ रजा मागा. बीज काढण्याच्या दिवसांसाठी वैद्यकीय कारणावरची रजा, आणि ती शिल्लक नसेल तर अर्जित रजा. राज्य शासनाच्या नोकरीत किरकोळ रजा वर्षाला ८ दिवस असते, अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस खात्यात जमा होते, आणि डॉक्टरच्या दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते. मात्र एका परिवर्तित दिवसामागे खात्यातून दोन दिवस वजा होतात. खासगी संस्थेत किंवा पतसंस्थेत तिथले सेवानियम लागू. आधी हजेरी सांभाळणाऱ्याकडून आपलं शिल्लक रजेचं खातं बघून घ्या. विचारायला कारण सांगावं लागत नाही. ज्यांचा ईएसआयचा हप्ता कापला जातो, त्यांनी ईएसआय दवाखान्यात आजारपणाच्या लाभाची चौकशी वेगळी करावी.

मार्च महिना शक्यतो टाळा. पतसंस्थेत मार्चअखेर वसुली आणि ताळेबंद असतो; त्या महिन्यात सात दिवस सुटणं अवघड जातं. डॉक्टरांशी बोलून एक पाळी पुढे ढकलता येत असेल तर पाहा. वय जास्त असेल किंवा बीजांचा साठा कमी असेल तर मात्र नोकरीसाठी थांबू नका, डॉक्टर म्हणतील तेच.

कारण किती सांगायचं आणि ते कुणाच्या डोळ्यांपुढून जातं

छोट्या गावच्या ऑफिसात अर्ज साहेबांपर्यंत पोचायच्या आधी आवक नोंदवहीत चढतो. त्या वहीत अर्जाचा 'विषय' जसाच्या तसा उतरवतात, आणि ती वही टेबलावर उघडी पडलेली असते. शिपाई बघतो, बिलाचं विचारायला आलेला खातेदार बघतो. म्हणून विषयाच्या ओळीत फक्त 'वैद्यकीय उपचारासाठी रजा मिळणेबाबत' एवढंच लिहा. 'टेस्ट ट्यूब', 'वंध्यत्व', 'स्त्रीबीज' हे शब्द विषयात कधीही नकोत. थोडं स्पष्टीकरण द्यायचं असेल तर ते वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात, वर 'गोपनीय, फक्त व्यवस्थापकांसाठी' असं लिहून, हातात द्या.

स्पष्टीकरण द्यायचं की नाही हा तुमचा प्रश्न. माझं मत असं की साहेब भरवशाचे असतील तर दोन-तीन ओळी द्याव्यात. तारखा बदलणार आहेत, आणि नुसतं 'तब्येतीचं आहे' म्हणून दर दोन दिवसांनी रजा मागितली तर बाई कामचुकार ठरते. कारण कळलेला माणूस तारीख सरकली तरी समजून घेतो. साहेब भरवशाचे नसतील तर दाखल्यावर थांबा. खोटं कारण मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. लग्नाचं कारण देऊन बाई नागपूरच्या दवाखान्यात दिसली, की पुढची खरी रजाही संशयाने बघितली जाते.

दाखला घेताना डॉक्टरांना सांगा की उपचाराचं नाव घालू नका. 'भुलेखाली लहान शस्त्रक्रिया, त्याआधी वारंवार तपासणी, त्यानंतर विश्रांती आवश्यक' एवढं पुरतं. दाखल्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का आणि तारीख असलीच पाहिजे. आणि लेटरहेड बघा! मजकुरात काहीच नसतं, पण माथ्यावर मोठ्या अक्षरांत 'टेस्ट ट्यूब बेबी सेंटर' छापलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी रुग्णालयाचं साधं लेटरहेडही असतं. मागितलं तर देतात.

अर्ज

हा पाळीच्या अंदाजे तारखेच्या पंधरा दिवस आधी द्यावा. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या.

> प्रति,
> मा. व्यवस्थापक,
> ______ पतसंस्था, आर्णी
>
> विषय : वैद्यकीय उपचारासाठी रजा मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> मी आपल्या संस्थेत लिपिक पदावर कार्यरत आहे. माझ्यावर नागपूर येथे वैद्यकीय उपचार सुरू होत असून त्यासाठी मला दि. ६ जुलै ते २८ जुलै या कालावधीत एकूण अंदाजे ७ दिवस रजेची आवश्यकता आहे. ही रजा सलग नसून पुढीलप्रमाणे आहे.
>
> १) तपासणीसाठी २ पूर्ण दिवस व २ अर्धे दिवस. तपासणीची तारीख मला एक-दोन दिवस आधी कळते. ती कळताच मी आपणांस कळवीन.
> २) भुलेखालील लहान शस्त्रक्रिया, प्रवास व विश्रांतीसाठी सलग ४ दिवस, अंदाजे दि. १९ ते २२ जुलै. या शस्त्रक्रियेची वेळ दोन दिवस आधी निश्चित होते व त्यानंतर ती वैद्यकीय कारणाने बदलता येत नाही.
>
> या कालावधीत मला दररोज सायंकाळी ठरलेल्या वेळी इंजेक्शन घ्यावयाचे असल्याने कामाच्या दिवशी सायंकाळी ६ वाजता कार्यालय सोडण्याची परवानगी मिळावी.
>
> डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार रजा वाढवावी लागल्यास तसा दाखला सादर करीन. माझ्या अनुपस्थितीत दैनंदिन रोकड व ठेवीचे काम पाहण्यास श्रीमती ______ यांनी संमती दिली आहे.
>
> तरी तपासणीचे दिवस किरकोळ रजेतून व उर्वरित दिवस वैद्यकीय/अर्जित रजेतून मंजूर करावेत, ही विनंती.
>
> सोबत : वैद्यकीय दाखला.
>
> आपली विश्वासू,
> ______
> दिनांक : ______

आणि बंद पाकिटातला वेगळा कागद:

> महोदय,
> सोबतच्या रजेच्या अर्जाचे कारण आपल्या माहितीसाठी देत आहे. मी व माझे पती अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेत आहोत. यात साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन असते, मधे तपासण्या होतात व शेवटी भूल देऊन स्त्रीबीजे काढली जातात. शरीराच्या प्रतिसादानुसार तारखा ठरत असल्याने मला आत्ताच निश्चित दिवस देता आले नाहीत. ही माहिती कृपया आपल्यापुरती ठेवावी.

एवढंच. किती वर्षं लग्नाला झाली, दोष कुणात आहे, खर्च किती, हे काही लिहायचं नाही.

अर्जात ६ ते २८ जुलै असा मोठा पट्टा का घेतला? पाळी दोन-तीन दिवस पुढे गेली, किंवा इंजेक्शनं दहाऐवजी चौदा दिवस लागली, तरी सगळं याच पट्ट्यात बसतं आणि नवा अर्ज करावा लागत नाही. साहेबांना मात्र 'सात दिवस' हा आकडा दिसतो, तेवीस दिवस नाही. दोन्ही आकडे एकाच वाक्यात असणं म्हणूनच गरजेचं.

संध्याकाळच्या परवानगीची ओळ कुणाला बारीक वाटेल, पण पतसंस्थेत पिग्मी एजंट येऊन कॅश जुळेपर्यंत सात-साडेसात होतात. इंजेक्शन रोज साधारण त्याच वेळी घ्यायचं असतं. गावात टोचायला नर्सताई कोण आणि कधी मोकळी, हे आधीच ठरवा. पोटावरचं इंजेक्शन बऱ्याच बायका शिकून स्वतःही घेतात. काही इंजेक्शनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. लोडशेडिंग मोठं असेल तर आईसपॅक घातलेला थर्मासचा डबा जवळ असू द्या, आणि औषध बर्फाला थेट चिकटवू नका. गोठलेलं औषध वापरायचं नसतं.

जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पुढे पंचायत समितीत जातो, म्हणजे हात जास्त. तिथे पाकिटातला कागद जोडूच नका. तोंडी मुख्याध्यापकांना सांगा.

तारीख सरकली तर

तपासणीनंतर दवाखान्याच्या पायरीवरूनच साहेबांना मेसेज टाका. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, साहेबांच्या नंबरवर. मजकूर एवढाच: 'सर, दि. ____ च्या अर्जानुसार शस्त्रक्रिया दि. २० जुलै सकाळी निश्चित झाली आहे. मी १९ ते २२ रजेवर राहीन.' अर्जाच्या तारखेचा उल्लेख ठेवा, म्हणजे हा मेसेज त्याच अर्जाचा भाग धरला जातो.

कधी बीजं अपेक्षेइतकी वाढत नाहीत आणि डॉक्टर तो महिना थांबवतात. मन मोडतं, पण रजेपुरतं काम सोपं आहे: 'उपचार पुढे ढकलला असल्याने उर्वरित रजा रद्द करावी' अशी एक ओळ लेखी द्या. नाहीतर न वापरलेले दिवस खात्यातून कापले जातात आणि पुढच्या वेळी कमी पडतात.

उलटही होतं. बीज काढल्यानंतरच्या आठवड्यात काही जणींचं पोट फुगतं, कारण इंजेक्शनांनी अंडाशय जास्त चेतवले जातात आणि पोटात पाणी साठतं. थोडं फुगणं नेहमीचं. पण वजन दिवसाला किलोभर वाढू लागलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात, दम लागू लागला किंवा पोट सहन होईना इतकं दुखलं, तर रजेचं नंतर बघा, आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा. जोराचा रक्तस्राव आणि ताप यांनाही हेच लागू. रजा वाढवण्याचा अर्ज नवऱ्याने किंवा भावाने नेऊन दिला तरी चालतो. म्हणूनच मूळ अर्जात वाढीची ओळ आधीच घातली आहे.

नवऱ्याची रजा

हे शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. बीज काढण्याच्या दिवशी बहुतेक वेळा त्यालाही नमुना द्यायला तिथे असावं लागतं, आणि भुलेनंतर बाईला एकटं सोडत नाहीत. तो रोजंदारीवर किंवा जिनिंगमध्ये असेल तर निदान एक दिवसाचा खाडा पडेल, हे आधी घरात बोलून ठेवा. नोकरीत असेल तर त्याचा अर्ज दोन ओळींचा: 'पत्नीच्या नागपूर येथील शस्त्रक्रियेसाठी सोबत राहणे आवश्यक असल्याने दि. १९ ते २१ जुलै किरकोळ रजा मिळावी.' काही कारणाने तो येऊ शकणार नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. नमुना आधी घेऊन गोठवून ठेवता येतो.

रुजू होताना

वैद्यकीय रजेवरून परतताना बऱ्याच ठिकाणी तंदुरुस्तीचा दाखला मागतात. त्यासाठी पुन्हा नागपूरची चक्कर नको असेल तर निघण्याआधी आस्थापनेत विचारून घ्या की गावच्या नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला चालेल का. चालत नसेल तर दवाखान्यातून सुटतानाच डॉक्टरांना सांगा, 'अमुक तारखेपासून कामावर जाण्यास हरकत नाही' असं डिस्चार्जच्या कागदासोबत लिहून द्या. डिस्चार्ज कार्डावर उपचाराचं पूर्ण नाव असतं. ते ऑफिसात जोडू नका, दाखलाच जोडा.

गर्भ गर्भाशयात सोडण्याची तारीख वेगळी असते. कधी बीज काढल्यापासून तीन किंवा पाच दिवसांनी, कधी गर्भ गोठवून ठेवून पुढच्या एखाद्या महिन्यात. पहिल्या प्रकारात ती वर धरलेल्या २८ जुलैच्या आत येते, म्हणून तेवढे एक-दोन दिवस किरकोळ रजेत शिल्लक ठेवा. दुसऱ्या प्रकारात नवा अर्ज करा, याच साच्यात, दिवस मात्र बरेच कमी.